धानाची हिशेबपट्टी कशी वाचायची? वजन, भाव, अडत आणि हमाली वजा जाता शेतकऱ्याच्या हातात नेमके किती येते?

भंडारा जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास धानाची कापणी आणि मळणी सुरू होते. पुढचे काही आठवडे तुमसरसारख्या बाजार समित्यांच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. जाड धान बहुतेक वेळा सरकारी आधारभूत खरेदी केंद्रावर जातो. एचएमटी, जय श्रीराम यांसारख्या बारीक धानाला मात्र खुल्या बाजारात हमीभावापेक्षा जास्त भाव मिळू शकतो, म्हणून तो अडत्याकडे येतो. लिलाव होतो, वजन होते आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडतो. त्याला कुणी हिशेबपट्टी म्हणतात, कुणी नुसतेच पट्टी.

बहुतेक जण या पट्टीवरची सर्वांत खालची रक्कम पाहतात आणि पैसे मोजून घेतात. पण ती रक्कम ठरते वरच्या रकान्यांत. त्यातही एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हमाली, तोलाई, अडत या कपाती पट्टीवर रुपयांत लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्या दिसतात. वजनातून कापलेले किलो मात्र रुपयांत लिहिलेले नसतात. अनेकदा मोठा फटका तिथेच बसलेला असतो.

पट्टी कशी वाचायची, कोणता रकाना कशाशी पडताळायचा आणि चूक दिसली तर काय करायचे, ते पाहूया.

एक नाही, तीन कागद

बाजार समितीच्या आवारात माल विकला जातो तेव्हा व्यवहाराचे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याची नोंद होते. कागदांची नावे ठिकाणानुसार थोडी बदलतात, काम तेच असते.

पहिली नोंद लिलावाची. बोली संपली की कोणत्या शेतकऱ्याचा, कोणता माल, किती कट्टे, कोणत्या खरेदीदाराने, क्विंटलला काय भावाने घेतला, हे लिहिले जाते. याला सौदापट्टी म्हणतात. भाव इथे ठरतो आणि पुढच्या सगळ्या कागदांवर तोच राहायला हवा.

दुसरी नोंद वजनाची. बाजार समितीचा परवाना असलेला मापारी किंवा तोलारी काट्यावर कट्टे ठेवून प्रत्येक वजन लिहितो. ही काटापट्टी. एका वेळी किती कट्टे ठेवले, काट्याने किती दाखवले आणि एकूण बेरीज किती, हे तिच्यावर असते.

तिसरा कागद म्हणजे अडत्याने दिलेली हिशेबपट्टी. आधीच्या दोन कागदांतले वजन आणि भाव तिच्यावर उतरतात, त्यांचा गुणाकार होतो, कपाती वजा होतात आणि निव्वळ रक्कम निघते.

त्यामुळे हिशेबपट्टी एकटी वाचून उपयोग नाही. तिच्यावरचा भाव सौदापट्टीशी आणि वजन काटापट्टीशी जुळते का, हे आधी पाहायचे. शेतकऱ्याला अनेकदा फक्त शेवटचा कागद मिळतो. काटापट्टीची प्रत मागून घेणे ही पहिली पायरी आहे, कारण वजनाचा पुरावा तिच्याशिवाय दुसरा नसतो. प्रत मिळत नसेल तर निदान मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा.

वजनाचा रकाना: इथे थांबून वाचा

काट्यावर जे दिसते ते एकूण वजन, म्हणजे धान अधिक कट्टा. कट्ट्याचे, म्हणजेच बारदान्याचे वजन त्यातून वजा केले की निव्वळ वजन मिळते. पैसे निव्वळ वजनाचे मिळतात. इथपर्यंत सगळे रास्त आहे.

प्रश्न बारदान्यासाठी किती वजा केले, हा आहे. तागाचे पोते साधारण अर्धा किलो ते एक किलोपर्यंत भरते. प्लॅस्टिकचा कट्टा त्यापेक्षा कितीतरी हलका, शे-दीडशे ग्रॅमचा असतो. धान प्लॅस्टिकच्या कट्ट्यात आणला आणि कपात मात्र कट्ट्यामागे एक किलो झाली, तर दर कट्ट्याला पाऊण किलोपेक्षा जास्त धान फुकट जातो. हे तपासणे सोपे आहे. दहा रिकामे कट्टे एकत्र काट्यावर ठेवायचे आणि आलेल्या वजनाला दहाने भागायचे. एक कट्टा ठेवला तर काट्याला तो नीट मोजता येत नाही, दहा ठेवले की आकडा भरवशाचा येतो.

दुसरी जागा म्हणजे अपूर्णांक. काटा ६१ किलो ४०० ग्रॅम दाखवतो आणि पट्टीवर ६१ लिहिले जाते. दर वेळी वरचे ग्रॅम सोडले, तर सरासरी अर्धा किलो जातो. तीस कट्टे एकेक करून मोजले, तर पंधरा किलो. काटापट्टीवरची सगळी वजने पूर्ण किलोतच असतील आणि एकाही ओळीत ग्रॅम नसतील, तर काट्यावर दिसलेला आकडा आणि लिहिलेला आकडा एकच होता का, हे विचारायला हवे.

तिसरी जागा म्हणजे कडता. ओलावा, माती, काडीकचरा किंवा ‘घट’ या नावाखाली क्विंटलमागे किलो-दोन किलो कापले जातात, त्याला कडता म्हणतात. यात एक साधा तर्क लक्षात ठेवावा. लिलावात खरेदीदाराने धान हातात घेऊन, दाणा चावून, ओल पाहून बोली लावलेली असते. म्हणजे ओलाव्याची किंमत भावात आधीच कमी झालेली असते. त्यानंतर त्याच ओलाव्यासाठी वजनातूनही कापले, तर एकाच कारणासाठी दोनदा कपात होते.

ओलाव्याने वजन खरोखर किती घटते, हेही मोजता येते. २० टक्के ओलावा असलेल्या १०० किलो धानात ८० किलो कोरडा ऐवज असतो. तोच धान १७ टक्क्यांपर्यंत वाळवला, तर ८० ला ०.८३ ने भागून सुमारे ९६.४ किलो भरतो. म्हणजे घट साडेतीन किलोच्या आसपास. सौदा होतानाच ‘१७ टक्के ओलाव्याचा भाव’ असे ठरले असेल, तर एवढी कपात समजण्यासारखी आहे. असे काही ठरलेले नसताना, ओलावा यंत्राने न मोजता अंदाजाने चार-पाच किलो कापणे समजण्यासारखे नाही.

महाराष्ट्रात बाजार समित्यांचा कारभार १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली आणि १९६७ च्या नियमांखाली चालतो. नियमांत आणि समितीच्या उपविधीत नमूद नसलेली सूट किंवा कपात शेतकऱ्याच्या मालातून घेता येत नाही. म्हणून कडता लावला गेला, तर ‘हा कोणत्या नियमाने?’ हा प्रश्न विचारण्याचा शेतकऱ्याला अधिकार आहे.

राहिला काटा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर मुद्रांकन व्हावे लागते आणि त्याचे प्रमाणपत्र काट्याच्या जागी लावलेले असावे लागते. वजन सुरू होण्याआधी रिकामा काटा शून्य दाखवतो का, हे पाहायचे. घरून निघताना दोन-तीन कट्टे मोजून त्यांच्यावर वजन लिहून ठेवले आणि तेच कट्टे बाजारातल्या काट्यावर ओळखून पाहिले, तर फरक लगेच कळतो. किरकोळ ग्रॅमचा फरक येतो. प्रत्येक कट्ट्यात एकाच बाजूला अर्धा-एक किलो फरक येत असेल, तर दोन्हीपैकी एक काटा नक्की चुकतो आहे.

भावाचा रकाना: आकड्याआधी एकक पाहा

भाव जवळजवळ नेहमी क्विंटलमागे, म्हणजे १०० किलोमागे लिहिलेला असतो. पण पूर्व विदर्भात घरचा हिशेब अजूनही खंडीत चालतो आणि गावात येऊन खरेदी करणारे कधी कट्ट्यामागे भाव सांगतात. दोन भावांची तुलना करायची असेल, तर आधी दोन्ही क्विंटलवर आणावेत. कट्ट्याचा भाव सांगितला असेल, तर त्या कट्ट्यात किती किलो धान धरला आहे, हे विचारल्याशिवाय तुलना होत नाही.

दुसरे, सौदापट्टीवरचा भाव आणि हिशेबपट्टीवरचा भाव वेगळे दिसले, तर मधे भाव तोडला गेला आहे. वजन करताना कट्ट्याच्या तळाशी ओला किंवा मातेरे असलेला धान निघाला, असे कारण यासाठी दिले जाते. कधी ते खरेही असते. अशा वेळी अडते आणि खरेदीदार यांनी आपसात नवा भाव लिहून टाकणे, हा मार्ग नाही. वजन थांबवून बाजार समितीच्या निरीक्षकाला बोलवायचे, त्याच्यासमोर माल पाहायचा आणि मग काय ते ठरवायचे. शेतकऱ्याला नवा भाव मान्य नसेल, तर माल परत घेण्याचा मार्ग असतो. कट्टे खरेदीदाराच्या गाडीत चढल्यावर मात्र हे काहीच करता येत नाही.

कपातीचा रकाना: पैसे कुणी द्यायचे?

वजन आणि भाव यांच्या गुणाकारातून येते ती एकूण रक्कम. तिच्याखाली कपाती लिहिलेल्या असतात. प्रत्येक कपातीला एकच प्रश्न लावायचा: हा खर्च विकणाऱ्याचा आहे की घेणाऱ्याचा?

हमाली म्हणजे गाडीतून कट्टे उतरवणे, ढीग घालणे, पुन्हा भरणे आणि काट्यावर ठेवणे या कामाची मजुरी. तोलाई म्हणजे वजन करणाऱ्याची मजुरी. दोन्हींचे दर बाजार समिती ठरवते आणि ते कट्ट्यामागे किंवा क्विंटलमागे असतात. वजन होईपर्यंतचे काम विकणाऱ्याच्या खात्यात आणि वजन झाल्यानंतरचे, म्हणजे खरेदीदाराच्या गाडीत माल भरण्याचे काम घेणाऱ्याच्या खात्यात, असा साधारण व्यवहार आहे. म्हणून शेतकऱ्याच्या पट्टीवर ‘भराई’ अशी ओळ दिसली, तर ती कशाची भराई, हे विचारावे. तसेच ट्रॉली थेट धर्मकाट्यावर, म्हणजे गाडी मोजणाऱ्या मोठ्या काट्यावर मोजली असेल आणि कट्टे कुणी उचललेच नसतील, तर कट्ट्यामागची हमाली-तोलाई कशी लागली, हाही रास्त प्रश्न आहे.

हा वाद नवा नाही. एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई कापणे थांबवले. माथाडी मंडळाच्या लेव्हीचा वाद त्यामागे होता. परिणाम असा झाला की, बाजार समित्यांमधले कांद्याचे लिलाव काही दिवस बंद पडले. पट्टीवरच्या काही रुपयांच्या ओळीमागे हमाल, व्यापारी आणि शेतकरी या तिघांचा हिशेब असतो, तो असा.

अडत म्हणजे अडत्याचे कमिशन. ते एकूण रकमेच्या टक्केवारीत असते, त्यामुळे दिसायला लहान आणि रकमेला मोठे असते. फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून नव्हे, तर खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय राज्य सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यामुळे वांगी, मिरची किंवा इतर भाजीपाल्याच्या पट्टीवर अडत कापलेली दिसली, तर तिथेच हरकत घ्यावी. कधी ‘अडत’ हा शब्द गाळून ‘इतर खर्च’ असे लिहिलेले असते. त्या ओळीची रक्कम एकूण रकमेच्या किती टक्के येते, हे काढून पाहिले की ओळख पटते. धानासाठी मात्र आपल्या समितीचा मंजूर दर आणि तो कुणी द्यायचा, हे समितीच्या कार्यालयातील दरपत्रकावर पाहावे. तोंडी उत्तरावर थांबू नये.

बाजार शुल्क, ज्याला सेस म्हणतात, याबाबत संशयाला जागा नाही. कायद्याप्रमाणे ते खरेदीदाराकडून घ्यायचे असते आणि त्यासोबतचा देखरेख खर्चही खरेदीदाराचाच असतो. शेतकऱ्याच्या पट्टीत ही ओळ असता कामा नये.

उरलेल्या ओळी दोन प्रकारच्या असतात. ‘धर्मादाय’, ‘चिल्लर’, ‘वर्गणी’ अशा नावांच्या रकमा लहान असतात, पण दरपत्रकात त्या नसतील, तर शेतकऱ्याच्या संमतीशिवाय कापता येत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे उचल आणि गाडीभाडे. हंगामाआधी अडत्याकडून घेतलेले पैसे ही उचल, आणि अडत्याने शेतकऱ्याच्या वतीने वाहनाला दिलेले पैसे हे भाडे. हे बाजाराचे खर्च नाहीत, शेतकऱ्याचे स्वतःचे देणे आहे. ते पट्टीत वेगळ्या ओळीवर, तारखेसह लिहून घ्यावे. उचलीवर व्याज लावले असेल, तर तेही मुद्दलात न मिसळता स्वतंत्र दाखवायला सांगावे. नाहीतर किती उचल घेतली आणि किती फेडली, याचा मेळ पुढच्या हंगामात लागत नाही.

एक पट्टी, दोनदा वाचून

आता एक नमुना पट्टी घेऊ. यातले दर फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्षात आपल्या समितीचे दर वापरावेत.

एका शेतकऱ्याने एचएमटी धानाचे ३० प्लॅस्टिक कट्टे आणले. काट्यावरची बेरीज १,८३० किलो आली. सौदा क्विंटलला २,८०० रुपयांनी झाला. हातात आलेली पट्टी अशी आहे:

- एकूण वजन: १,८३० किलो
- बारदाना (कट्ट्यामागे १ किलो): ३० किलो
- निव्वळ वजन: १,८०० किलो, म्हणजे १८ क्विंटल
- भाव: २,८०० रुपये
- एकूण रक्कम: ५०,४०० रुपये
- हमाली (कट्ट्यामागे ६ रुपये): १८० रुपये
- तोलाई (कट्ट्यामागे ३ रुपये): ९० रुपये
- अडत (२ टक्के): १,००८ रुपये
- इतर: ५० रुपये
- उचल: ५,००० रुपये
- गाडीभाडे: ९०० रुपये
- निव्वळ देय: ४३,१७२ रुपये

बेरीज-वजाबाकी तपासली तर पट्टी बरोबर आहे. एकही रुपया चुकलेला नाही. म्हणूनच ती सहज स्वीकारली जाते.

आता दुसऱ्यांदा वाचू. दहा रिकामे कट्टे मोजले तर दीड किलो भरले, म्हणजे एक कट्टा १५० ग्रॅमचा. ३० कट्ट्यांचे वजन साडेचार किलो. पट्टीत कापले ३० किलो. म्हणजे २५.५ किलो धान जास्त गेला. २८ रुपये किलोप्रमाणे त्याचे ७१४ रुपये होतात. हमाली आणि तोलाई मिळून २७० रुपये कापले गेले, ते डोळ्यांना दिसले. त्याच्या अडीचपट रक्कम वजनाच्या रकान्यात गेली आणि तिच्यापुढे रुपया हा शब्दही नाही.

पुढे अडत. समितीच्या दरपत्रकात अडत खरेदीदाराने द्यायची असेल, तर १,००८ रुपये परत मिळायला हवेत. ‘इतर’ या ओळीचा खुलासा झाला नाही, तर ५० रुपयेही. सगळे दुरुस्त केले, तर हिशेब असा होतो: निव्वळ वजन १८.२५५ क्विंटल, एकूण रक्कम ५१,११४ रुपये. हमाली-तोलाईचे २७० रुपये वजा जाता ५०,८४४. उचल आणि भाडे वजा जाता हातात ४४,९४४ रुपये. पहिल्या पट्टीपेक्षा १,७७२ रुपये जास्त.

अडत शेतकऱ्यानेच द्यायची असे दरपत्रकात असेल, तर ती या नव्या एकूण रकमेवर १,०२२ रुपये होईल. तेव्हा हातात ४३,९२२ रुपये येतील. म्हणजे पहिल्या पट्टीपेक्षा ७५० रुपये जास्तच.

या पट्टीतून आणखी एक आकडा काढून ठेवावा, तो म्हणजे खरा भाव. उचल आणि भाडे बाजूला ठेवून फक्त बाजारातल्या कपाती वजा करायच्या आणि उरलेल्या रकमेला आपल्या खऱ्या वजनाने भागायचे. पहिल्या पट्टीत ५०,४०० मधून १,३२८ रुपये वजा जाता ४९,०७२ उरतात. त्याला १८.२५५ ने भागले, तर सुमारे २,६८८ रुपये येतात. बोली २,८०० ची झाली, शेतकऱ्याला पडले २,६८८. दोन अडत्यांची किंवा दोन बाजारांची तुलना बोलीच्या भावावर करू नये, या खऱ्या भावावर करावी. एखाद्या ठिकाणी बोली पन्नास रुपयांनी कमी असूनही खरा भाव जास्त पडू शकतो.

भाव पडला की कपात जड का होते?

हमाली, तोलाई आणि भाडे हे कट्ट्यावर किंवा फेरीवर ठरतात, मालाच्या किमतीवर नाही. भाव अर्धा झाला तरी कट्टे तेवढेच राहतात आणि मजुरीही तेवढीच. अडत टक्केवारीत असल्याने ती भावासोबत कमी होते, बाकीचे खर्च होत नाहीत.

याचे टोकाचे उदाहरण फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात दिसले. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला. भाव किलोला एक रुपया मिळाला, म्हणजे एकूण ५१२ रुपये. भाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या नावावर उरले अडीच रुपयांच्या आत आणि हातात आला दोन रुपयांचा धनादेश. त्या पट्टीतला बहुतेक सगळा पैसा कट्टे हलवण्यात आणि आणण्यात संपला होता. स्वस्त माल विकायला नेताना कट्ट्यामागचा सगळा खर्च आधी बेरीज करून पाहिला, तर माल बाजारात नेणे परवडते की नाही, हे घरीच कळते.

आधारभूत केंद्राची पावती वेगळी कशी?

सरकारी आधारभूत केंद्रावर लिलाव नसतो आणि अडतही नसते. भाव केंद्र सरकारने आधीच जाहीर केलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि ‘अ’ दर्जाच्या धानाला २,३८९ रुपये ठरले. पैसे नोंदणी केलेल्या बँक खात्यात जमा होतात. ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे.

म्हणजे तिथे भावात घासाघीस नाही आणि कपातीच्या ओळीही नाहीत. तपासायला उरते फक्त वजन. केंद्रावर धान ४० किलोच्या कट्ट्यात मोजला जातो. काट्यावर कट्टा ४० किलो अधिक रिकाम्या कट्ट्याचे वजन, एवढाच भरायला हवा. त्यावर एक किलो जास्त भरला, तर ५० कट्ट्यांमागे ५० किलो धान जातो. साधारण धानाच्या दराने ते जवळपास १,१८५ रुपये होतात आणि पावतीवर त्याचा मागमूसही राहत नाही, कारण तिच्यावर ४० किलोच लिहिलेले असते. म्हणून केंद्रावर पावतीपेक्षा काट्याचा आकडा महत्त्वाचा.

चूक दिसली तर कुठे जायचे?

पहिली गोष्ट वेळेची. माल आवारात असेपर्यंत पुन्हा वजन करता येते. कट्टे खरेदीदाराच्या गोदामात गेले की वजनाचा वाद फक्त कागदावर उरतो. म्हणून हिशेबपट्टी हातात आल्यावर पैसे घेण्याआधी आणि सही करण्याआधी वजन, भाव आणि कपाती या क्रमाने ती वाचावी. हिशेब मान्य नसताना सही करावीच लागली, तर सहीशेजारी ‘वजन अमान्य’ किंवा ‘अडत अमान्य’ असे लिहून तारीख टाकावी आणि त्याचा फोटो ठेवावा.

तक्रार आधी बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी द्यावी. अडते, खरेदीदार आणि मापारी या सगळ्यांना परवाना समितीच देते, त्यामुळे चौकशीचा आणि कारवाईचा अधिकार तिच्याकडे आहे. अर्जासोबत सौदापट्टी, काटापट्टी आणि हिशेबपट्टीच्या प्रती जोडाव्यात, आणि किती किलो किंवा किती रुपयांचा फरक आहे, हे एका ओळीत लिहावे. ‘माझी लूट झाली’ या वाक्यापेक्षा ‘३० प्लॅस्टिक कट्ट्यांसाठी ४.५ ऐवजी ३० किलो वजा केले, फरक २५.५ किलो, ७१४ रुपये’ या वाक्याला उत्तर द्यावे लागते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

समितीकडून दाद मिळाली नाही, तर सहकार खात्याचे तालुक्यातील सहायक निबंधक आणि भंडारा येथील जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाता येते. काट्याबद्दलची तक्रार वेगळी आहे. मुद्रांकन नसलेला किंवा चुकीचे वजन दाखवणारा काटा असेल, तर वैधमापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करावी.

पट्टी जपून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. तीन-चार हंगामांच्या पट्ट्या एकत्र ठेवल्या आणि प्रत्येकीवर मागच्या बाजूला खरा भाव लिहिला, तर कोणत्या अडत्याकडे वजन नीट भरते, कुठे ‘इतर’ ही ओळ दरवर्षी वाढते, हे आकड्यांतच दिसते. पुढच्या वर्षी ट्रॉली कोणत्या गाळ्यासमोर उभी करायची, हे ठरवायला तेवढे पुरते.